नॉच लावला तरी हमिंग उरतंच: ५० हर्ट्झचे पोल आणि झिरो कुठे बसवायचे

चवथ संपली की आठवड्याभरात तेच गाऱ्हाणं येतं. घरच्या आरत्यांचं रेकॉर्डिंग केलं, घुमट, शामेळ, कासाळे सगळं झकास उतरलं, पण मागे एक जाड ‘घुंऽऽ’ सतत आहे. कुणीतरी सांगितलं, नॉच फिल्टर लाव. लावला. मग तीनपैकी एक तक्रार ठरलेली: हमिंग जसंच्या तसं आहे, किंवा हमिंग गेलं पण घुमटही गेला, किंवा सुरुवातीला गेलं आणि मध्येच परत आलं. तिन्ही एकाच दुखण्याच्या वाटतात, पण मुळं वेगळी आहेत. म्हणून एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला पडत नाही.

यंदा फोंड्याजवळच्या एका घरातली जी फाइल हाती आली तिच्यात तिन्ही तक्रारी एकदमच होत्या, म्हणून तीच धरून सांगतो. मिक्सरच्या लाइन आउटमधून बॅटरीवरच्या रेकॉर्डरमध्ये घेतलेली, ४८००० सॅम्पल प्रति सेकंद, एकच चॅनल. विजेचं ५० हर्ट्झचं हमिंग आत आलं ते मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळ्या प्लगवर होते म्हणून. पुढच्या वर्षी दोन्ही एकाच बोर्डावर घ्या, निम्मं काम तिथेच होईल. पण झालेलं रेकॉर्डिंग काही परत गाता येत नाही, तेव्हा फिल्टरकडे वळू.

आधी फोन बाजूला ठेवा

‘जसंच्या तसं आहे’ म्हणणाऱ्यांतले बरेच जण फोनच्या स्पीकरवर ऐकत असतात. त्या इवल्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ बाहेर पडतच नाही. तिथे जे ऐकू येतं त्या ५० च्या वरच्या पटी: १००, १५० आणि त्यापुढच्या. म्हणजे नॉचने ५० अगदी स्वच्छ काढून टाकला तरी फोनवर फरक शून्य. स्पेक्ट्रम काढून बघा: ५० चा सुळका खाली गेलाय आणि १०० चा ताठ उभा आहे, तर तुमचा फिल्टर ठीक आहे, काम अर्धं झालंय एवढंच. १०० आणि १५० कडे शेवटी येतो.

५० चाच सुळका हलला नसेल तर पुढे वाचा.

चार बिंदू आणि एक आकडा

दुसऱ्या क्रमाच्या नॉचमध्ये बसवायचे बिंदू चारच: दोन झिरो आणि दोन पोल. झिरो एकक वर्तुळावर, `+θ` आणि `-θ` या कोनांवर. पोल त्याच कोनांवर, पण वर्तुळाच्या किंचित आत, `r` त्रिज्येवर. खाली `f0` म्हणजे काढायची फ्रिक्वेन्सी, `fs` म्हणजे सॅम्पल रेट आणि `g` म्हणजे एकूण आवाजाची पट.

```
theta = 2*pi*f0/fs

         1 - 2*cos(theta)*z^-1 + z^-2
H(z) = g ---------------------------------------
         1 - 2*r*cos(theta)*z^-1 + r^2*z^-2
```

कुठल्याही फ्रिक्वेन्सीला फिल्टर किती आवाज सोडतो हे नुसत्या अंतरांवरून कळतं. त्या फ्रिक्वेन्सीचा बिंदू वर्तुळावर धरा, तिथून दोन्ही झिरोंपर्यंतच्या अंतरांचा गुणाकार करा आणि त्याला दोन्ही पोलपर्यंतच्या अंतरांच्या गुणाकाराने भागा. बिंदू झिरोवरच असेल तर अंशात शून्य, म्हणून आवाज बंद. बिंदू झिरोपासून लांब गेला की झिरो आणि त्याच्यामागे लपलेला पोल जवळजवळ सारख्याच अंतरावर दिसतात, भागाकार एक येतो आणि आवाज जसाच्या तसा पुढे जातो. पोलचं काम तेवढंच: झिरोचा परिणाम त्याच्या आसपासच थोपवणं. पोल झिरोला जितका चिकटून, तितका खड्डा अरुंद. खड्ड्याची रुंदी, म्हणजे ज्या दोन फ्रिक्वेन्सींवर आवाज ३ डेसिबलने उतरतो त्यांच्यातलं अंतर, साधारण अशी येते:

```
BW = (1 - r)*fs/pi
```

या सूत्रात `fs` आहे, हे विसरलं की दुसरी तक्रार सुरू होते.

हमिंगसोबत घुमट गेला तर

फोंड्याच्या मित्राने `r = 0.99` घेतला होता. कुठून आणला विचारलं तर म्हणाला, ‘ईसीजीच्या उदाहरणात होता रे, तिथे मस्त चालतो.’ चालणारच. ईसीजीची सॅम्पल बहुतेक ५०० च्या रेटने घेतलेली असतात. तिथे ५० हर्ट्झचा कोन येतो ३६ अंश आणि ०.९९ ने रुंदी येते साधारण १.६ हर्ट्झ. अगदी हवी तशी.

आता तोच आकडा ४८००० ला ठेवा. ५० हर्ट्झचा कोन ०.३७५ अंश, म्हणजे ०.००६५ रेडियन. दोन्ही झिरो `z = 1` या बिंदूच्या वर-खाली इतके जवळ येतात की साध्या आकृतीत ते एकच ठिपका दिसतात. आणि पोल वर्तुळापासून ०.०१ आत. म्हणजे पोल झिरोपासून जितका दूर आहे, तितका झिरो शून्य हर्ट्झच्या बिंदूपासूनही दूर नाही! पोल झिरोमागे लपायला हवा होता, तो भलतीकडेच उभा आहे. सूत्राने रुंदी १५३ हर्ट्झ येते. नॉच ५० वर आणि रुंदी १५३, याला नॉच म्हणायचं कसं?

अंतरं मोजून पाहिलं की नुकसान दिसतं. या फिल्टरने १०० हर्ट्झ ६ डेसिबलने खाली जातो, १५० हर्ट्झ अडीच डेसिबलने, २०० सव्वा डेसिबलने. घुमटाचा घुमारा नेमका या पट्ट्यात पडतो. त्या घरचे काका घुमट वाजवतात. साफ केलेली फाइल ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, ‘हा घुमट आहे की तेलाचा डबा?’

याच फिल्टरचा आणखी एक त्रास `g` मधून येतो. शून्य हर्ट्झवर आवाज एकपट राहील असा `g` घ्यायची बऱ्याच जणांना सवय असते. अरुंद नॉचला त्याने काही बिघडत नाही. पण `r = 0.99` असताना हा फिल्टर शून्य हर्ट्झवर जेमतेम ०.३ पट सोडतो. तो एकपट करायला गेलात की वरचा सगळा आवाज तिपटीहून जास्त होतो आणि कासाळे क्लिप होतात. फिल्टर लावल्यावर फाइल अचानक मोठी आणि फाटकी वाजली तर इथे बघा. मी `g` वरच्या टोकाला, म्हणजे `z = -1` ला, एकपट करून घेतो. नॉच अरुंद असो वा रुंद, वरचा आवाज मूळचाच राहतो.

उपाय सोपा आहे: `r` कुठून उचलायचा नाही, हवी ती रुंदी ठरवून काढायचा. २ हर्ट्झ हवे असतील तर ४८००० ला `r` येतो ०.९९९८६९१. इतके नऊ बघून छातीत धस्स होतं, पण पोल वर्तुळाच्या आत आहेत तोवर फिल्टर स्थिर आहे. एका वेगळ्या बाबतीत मात्र ते नऊ खरंच महागात पडतात.

चार दशांश स्थळं: नॉच गायब

`r` दुरुस्त केला. मग हमिंग पुन्हा जसंच्या तसं. मित्राने सहगुणक कॅलक्युलेटरवर काढून, चार दशांश स्थळांपर्यंत हाताने टाइप केले होते. खरे आकडे हे:

```
2*cos(theta)   = 1.9999571634
2*r*cos(theta) = 1.9996953696
r^2            = 0.9997382177
```

चार स्थळांवर आणले की अंश होतो `1 - 2z^-1 + z^-2`. म्हणजे दोन्ही झिरो सरळ `z = 1` वर येऊन बसले. छेद होतो `1 - 1.9997z^-1 + 0.9997z^-2`, त्याचे अवयव पाडा: एक पोल `z = 1` वर, दुसरा ०.९९९७ वर. एक झिरो आणि एक पोल एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो पहिल्या क्रमाचा हाय-पास, तोही साधारण २.३ हर्ट्झचा. ५० हर्ट्झ त्याच्यातून आरामात निघून जातो. फिल्टर चालतोय, एरर नाही, आवाजही बिघडला नाही, फक्त नॉच नावाला उरलेला नाही.

पाच स्थळं ठेवली तर झिरो ४८.३ हर्ट्झवर जातो. सहा ठेवली तर ५०.१ वर. नॉच २ हर्ट्झ रुंद असताना ४८.३ म्हणजे खड्डा शेजारच्या गल्लीतच पडला. कारण एकच: ५० हर्ट्झची ओळख `2cosθ` आणि २ यांच्यातल्या फरकात दडलेली आहे आणि तो फरक आहे ०.००००४२८. माहिती सगळी पाचव्या स्थळापासून सुरू होते, आणि आपण चौथ्यावर कात्री लावतो.

म्हणून सहगुणक कधीही हाताने टाइप करू नका. कोन आणि `r` द्या, बाकी प्रोग्रामला करू द्या, तेही डबल प्रिसिजनमध्ये. सिंगल प्रिसिजन फ्लोटमध्येही एवढ्या छोट्या कोनाला झिरो ०.०३ हर्ट्झपर्यंत सरकू शकतो. २ हर्ट्झच्या नॉचला ते चालून जातं, पण फार अरुंद नॉचला नाही, आणि पोल वर्तुळाला इतके चिकटलेले असताना आकडे गोल करण्यातून येणारा खरखराटही वाढतो. शंका आली तर सहगुणकांवरून उलट हिशेब करा: अंशातल्या मधल्या सहगुणकाला पहिल्या सहगुणकाने भागा, उणे चिन्ह काढा, त्याचा अर्धा करा, `arccos` घ्या, `fs/(2π)` ने गुणा. जी फ्रिक्वेन्सी येते तिथे तुमचा झिरो खरोखर आहे.

तोच उलट हिशेब आणखी एक चूक पकडतो. व्हिडिओतून काढलेला आवाज बहुधा ४८००० चा असतो, सीडीसाठी केलेली फाइल ४४१०० ची. ४८००० साठी काढलेले सहगुणक ४४१०० च्या फाइलीला लावले की नॉच ४५.९ हर्ट्झवर जाऊन बसतो. `fs` नेहमी फाइलीतून वाचा, डोक्यातून नको.

हमिंग ५० वर नसतंच

आता झिरो बरोबर ५०.०० वर आहे. तरी थोडं हमिंग शिल्लक. असं झालं की लोक नॉच आणखी अरुंद करून बघतात, ‘अजून नेमका’ व्हावा म्हणून. त्याने आजार वाढतो.

भारतीय ग्रिडला ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राहायचं असतं, आणि फ्रिक्वेन्सी दिवसभर त्यात खालीवर होत असते. पणजीला जी असेल तीच त्या क्षणी नागपूरलाही असते, सगळा देश एकाच ग्रिडवर आहे. त्यामुळे ५०.०० हा आकडा तुमच्या फाइलीत सापडला तर तो योगायोग समजा. खड्ड्याच्या मध्यापासून `d` हर्ट्झ बाजूला असलेलं हमिंग किती उरतं, त्याचा हिशेब अरुंद नॉचसाठी असा:

```
d / sqrt(d^2 + (BW/2)^2)
```

या फाइलीत हमिंग निघालं ४९.९२ वर, म्हणजे `d` ०.०८. नॉच ०.२ हर्ट्झ रुंद ठेवला तर हमिंग फक्त ४ डेसिबलने उतरतं, कानाला जेमतेम कळेल इतकं. २ हर्ट्झ ठेवला तर २२ डेसिबलने. आणि झिरोच ४९.९२ वर नेला तर ग्रिडचा तेवढ्या वेळातला चढउतार धरूनही, या फाइलीत तो ०.०३ च्या आत होता, ३० डेसिबलच्या आसपास हमखास मिळतात. म्हणून आधी मोजा, मग बसवा.

मोजायला मोठा एफएफटी घ्यायची गरज नाही. गाणं नसलेला दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा शोधा. आरती सुरू व्हायच्या आधी माणसं जमत असतात तो भाग चालतो. त्याला ५० हर्ट्झच्या संदर्भाशी गुणून फेज बघा. हमिंग नेमकं ५० वर असेल तर फेज जागच्या जागी राहते. ४९.९२ वर असेल तर दर सेकंदाला २८.८ अंश मागे सरकते. सरकण्याचा वेग म्हणजेच फ्रिक्वेन्सीतला फरक.

```python
import numpy as np

def hum_freq(x, fs, f=50.0, blk=0.2):
    n = int(fs*blk)
    m = len(x)//n
    t = np.arange(m*n)/fs
    z = x[:m*n]*np.exp(-2j*np.pi*f*t)
    ph = np.unwrap(np.angle(z.reshape(m, n).mean(axis=1)))
    slope = np.polyfit(np.arange(m), ph, 1)[0]
    return f + slope/(2*np.pi*blk)
```

`x` एकाच चॅनलचा असू द्या. ०.२ सेकंदाचा तुकडा घेतलाय तो अशासाठी की त्यात ५० हर्ट्झची बरोबर दहा आवर्तनं बसतात आणि फरक अडीच हर्ट्झपर्यंत असला तरी फेज गोंधळत नाही. फेजचा आलेख काढून एकदा डोळ्यांनी बघाच: सरळ रेष आली तर आकड्यावर विश्वास ठेवा, नागमोडी आली तर त्या तुकड्यात बोलणं नाहीतर ढोलाचा ठोका शिरलाय.

मग फिल्टर:

```python
from scipy.signal import lfilter

def notch(x, fs, f0, bw):
    c = np.cos(2*np.pi*f0/fs)
    r = 1 - np.pi*bw/fs
    g = (1 + 2*r*c + r*r)/(2 + 2*c)
    b = g*np.array([1, -2*c, 1])
    a = [1, -2*r*c, r*r]
    return lfilter(b, a, x)
```

SciPy मध्ये तयार `iirnotch` आहे, त्याला रुंदीऐवजी `Q` द्यावा लागतो, `f0/bw` इतका. ५० हर्ट्झला २ हर्ट्झ म्हणजे `Q` २५. मला पोल स्वतः बसवलेले बरे वाटतात, काही चुकलं तर कुठे बघायचं ते माहीत असतं.

अरुंद करण्याची किंमत

मग रुंदी २ च का, अर्धा हर्ट्झ का नको? पोल वर्तुळाच्या जितका जवळ, तितका फिल्टर जास्त वेळ वाजत राहतो, देवळातली चांगली घंटा टोल थांबल्यावरही गुंजत राहते तसा. घुमटावर थाप पडली की तिच्यात ५० हर्ट्झच्या आसपासचाही अंश असतो. फिल्टर तो काढतो आणि बदल्यात मागे ५० हर्ट्झचं एक विरत जाणारं शेपूट सोडतो. विरण्याचा काळ `1/(π·BW)` सेकंद. २ हर्ट्झला तो ०.१६ सेकंद, ०.२ हर्ट्झला १.६ सेकंद. शेपूट हजारांश व्हायला याच्या साधारण सातपट वेळ लागतो: पहिल्यात सेकंदभर, दुसऱ्यात अकरा सेकंद. अर्थात नॉच जितका अरुंद तितकं शेपूट सुरुवातीला बारीक असतं, म्हणून एकेक थाप ऐकून ते कळत नाही. थापेवर थाप पडत राहिली की खाली एक डुलणारा गढूळपणा साचतो आणि हमिंगच परत आल्यासारखं वाटतं.

हे ओळखायची युक्ती मी सगळ्यांना सांगतो: साफ फाइल ऐकू नका, काढलेला कचरा ऐका. मूळ फाइलीतून साफ फाइल वजा करा, `x - y`, आणि मोठ्या स्पीकरवर लावा. नुसतं एकसुरी घुंऽऽ ऐकू आलं तर नॉच बरोबर आहे. घुमट ओळखू येतोय, तर नॉच फार रुंद आहे. घुंऽऽ थापेसरशी फुगतंय आणि मग हळूहळू ओसरतंय, तर नॉच फार अरुंद आहे. घुमटाच्या रेकॉर्डिंगला मला २ ते ४ हर्ट्झमध्ये दोन्ही टळलेलं दिसतं.

याच वाजण्यामुळे फाइलीच्या सुरुवातीला पाऊण सेकंद हमिंग ऐकू येतं आणि मग विरतं. फिल्टर शून्यापासून सुरू होतो, त्याला हमिंगशी जुळायला तेवढा वेळ लागतो. आरतीआधीचे दोन सेकंद राखून फिल्टर चालवा आणि नंतर कापून टाका. `filtfilt` ने पुढून-मागून दोनदा चालवलं तर हमिंग डेसिबलमध्ये दुप्पट उतरतं आणि फेजही हलत नाही, पण मग शेपूट थापेच्या आधीही येतं. थापेनंतरचं शेपूट घुमटाच्या स्वतःच्या घुमाऱ्यात झाकलं जातं, आधीचं झाकायला काहीच नसतं. तालवाद्य असेल तर मी `filtfilt` लावत नाही.

वीज गेली आणि हमिंग परत आलं

आता तिसरी तक्रार. सहा मिनिटं फाइल स्वच्छ, मग अचानक हमिंग हजर. चवथीला पाऊस, पावसात वीज जाणार, आणि शेजारचा जनरेटर सुरू होणार, यात नवल काही नाही. लोक हे फाइल पाठवताना सांगत मात्र नाहीत.

वीज गेली तो क्षण मोठा करून बघण्यासारखा आहे. मूळ फाइलीत मिक्सर बंद पडतो, हमिंग त्या जागी तुटतं आणि पुढे सपाट शांतता. साफ केलेल्या फाइलीत उलटं दिसतं: आतापर्यंत सपाट होतं आणि वीज गेल्याबरोबर ५० हर्ट्झची लाट उभी राहून हळूहळू विरते. हे हमिंग मिक्सरचं नाही, फिल्टरचं स्वतःचं. आतापर्यंत तो येणाऱ्या हमिंगला तेवढंच उलटं हमिंग देऊन खोडत होता. येणारं थांबलं, त्याचं उलटं तेवढं उरलं. तेवढा तुकडा मूळ फाइलीतून घ्या, काम झालं.

मग जनरेटर सुरू होतो. छोट्या डिझेल जनरेटरची फ्रिक्वेन्सी भारावर हलते: भार कमी असताना ५० च्या वर, ५१-५२ पर्यंतही, आणि भार चढला की खाली. इथे मोजली तर ५१.४ निघाली. आपला नॉच ४९.९२ वर, २ हर्ट्झ रुंद, म्हणजे `d` जवळजवळ दीड. वरच्या सूत्राने हमिंग दीड-दोन डेसिबलनेच उतरतं, म्हणजे काहीच नाही. एकच नॉच दोन्ही भागांना पुरेल इतका रुंद केला तर पुन्हा डब्यासारखा घुमट. त्यामुळे फाइल तिथे कापा, दुसऱ्या भागाची फ्रिक्वेन्सी वेगळी मोजा, वेगळे पोल-झिरो बसवा. जनरेटरच्या भागाला मी रुंदी ४ ठेवतो, कारण कुणी फ्रिज लावला की फ्रिक्वेन्सी लगेच खाली बसते. तो भाग मिनिटा-मिनिटाने मोजून बघा. फरक अर्ध्या हर्ट्झहून जास्त फिरत असेल तर तिथेही कापा आणि जोड थापेवर घ्या, म्हणजे ऐकू येत नाही.

१०० आणि १५०

एका दुसऱ्या क्रमाच्या नॉचमध्ये झिरोंची जोडी एकच, म्हणून तो एकच फ्रिक्वेन्सी काढतो. १०० हर्ट्झ येतो पॉवर सप्लायच्या ब्रिज रेक्टिफायरमधून, दोन्ही अर्धी आवर्तनं उलटून एका बाजूला घेतल्यामुळे. १५० बहुतेक ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यामुळे. प्रत्येकाला आपापला नॉच, एकामागे एक. त्यांचे कोन १०० आणि १५० वर नाही, मोजलेल्या आकड्याच्या पटीत: ९९.८४ आणि १४९.७६. ग्रिड ०.०३ हलला तर तिसऱ्या पटीत ०.०९ हलतो, तरी २ हर्ट्झ रुंदीत २० डेसिबलच्या वर मिळतात. तेव्हा पटीप्रमाणे रुंदी वाढवायची गरज नाही, मोजणी नीट असली म्हणजे झालं.

१५० च्या बाबतीत मात्र घाई करू नका. या घरी आरत्या पांढरी दोनमध्ये होत्या. ए ४४० ला लावलेल्या पेटीवर तो षड्ज १४६.८ हर्ट्झचा, म्हणजे नॉचपासून तीन हर्ट्झही लांब नाही. सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराचा जेमतेम तिसरा हिस्सा. नॉच ६ हर्ट्झ रुंद केला तर षड्जाचा मूळ स्वर ३ डेसिबलने बसतो. २ हर्ट्झ ठेवला तर अर्ध्या डेसिबलचंच नुकसान, पण सा लागताक्षणी फिल्टर १४९.७६ वर क्षणभर वाजतो आणि सुराच्या तोंडाशी बारीक थरथर येते. मींड घेऊन सा वरून वर गेलात तर आवाज वाटेत एकदा खड्ड्यातून जातोच. काळी एकला, १३८.६ ला, हा त्रास जवळजवळ नाही.

स्पेक्ट्रममध्ये १५० चा सुळका १०० च्या वीस-बावीस डेसिबल खाली होता आणि गाणं चालू असताना तो ऐकूही येत नव्हता. म्हणून या फाइलीला ५० आणि १०० चे नॉच पूर्ण लावले, १५० चा फक्त दोन आरत्यांच्या मधल्या जागांना. तिथे माणसं ‘आता कुठली?’ विचारत असतात, तेव्हा तो खरा कानात येतो.

डिमरवरच्या किंवा स्वस्त अडॅप्टरच्या दिव्यांच्या माळांमुळे येणारी करकर मात्र यात बसत नाही. तिच्यात ५० च्या पटीतले सुळके पार काही हजार हर्ट्झपर्यंत असतात. तितके नॉच लावायचे म्हणजे प्रत्येक स्वराच्या आसपास कुठेतरी एक खड्डा. त्या फाइलीला हा मार्ग सोडा.